‘ए ग्रेड’ रिफर्बिश्ड लॅपटॉप, बॅटरी ७१ टक्के. परत करता येईल का?

नीलपक्षी

नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात एका मोठ्या ऑनलाइन संकेतस्थळावरून रिफर्बिश्ड लॅपटॉप मागवला. विक्रेता वेगळा, संकेतस्थळ फक्त मध्यस्थ. पानावर ठळक अक्षरात ‘ए ग्रेड’ लिहिलं होतं आणि खाली ‘१४ दिवसांत परत’. लॅपटॉप हातात आला तेव्हा खरंच खूश झाले. झाकणावर ओरखडा नाही, कळा चकाकलेल्या नाहीत, बिजागरी घट्ट.

पाचव्या दिवशी लक्षात आलं की चार्जर काढला की जेमतेम अडीच तास चालतो. भावाने सांगितल्याप्रमाणे ही आज्ञा दिली:

```
powercfg /batteryreport
```

एक फाइल तयार झाली. ब्राउझरमध्ये उघडल्यावर त्यात हे दिसलं:

```
DESIGN CAPACITY        56,000 mWh
FULL CHARGE CAPACITY   39,760 mWh
CYCLE COUNT            412
```

म्हणजे मूळ क्षमतेच्या ७१ टक्के. विक्रेत्याला लिहिलं, तर उत्तर आलं, “ए ग्रेड ही बाह्य स्थितीची श्रेणी आहे. बॅटरी हा झिजणारा भाग आहे. ७० टक्क्यांच्या वर असल्यास आम्ही दोष मानत नाही.”

वैतागून परतीचा अर्ज भरला. कारण निवडायच्या यादीत पहिलंच ‘आता गरज नाही’ होतं. भांडण कशाला, म्हणून तेच टिचकवलं. आता पडद्यावर दिसतंय की रकमेतून १५ टक्के रीस्टॉकिंग फी कापणार आणि कुरियरचा खर्चही माझाच. अर्ज अजून पक्का केलेला नाही.

ए ग्रेडचा अर्थ खरंच एवढाच असतो का? आणि या अर्जाचं काय करू?

---

सहजच

विक्रेता सरळ बनवतोय तुम्हाला. ए ग्रेड म्हणजे सगळंच अव्वल, आतून बाहेरून. रिफर्बिश्ड मालात बॅटरी ८० टक्के असलीच पाहिजे असा नियमच आहे.

म्हणून मी रिफर्बिश्डच्या वाटेलाच जात नाही, ओपन बॉक्स घेतो. ओपन बॉक्स म्हणजे नवाच माल, फक्त खोका उघडलेला. कंपनीची पूर्ण वर्षाची वॉरंटी मिळते. माझा लॅपटॉप तसाच आहे, कटकट शून्य.

---

रोखठोक

नियम? कुठला नियम? ए, बी, सी ही अक्षरं कोण देतं ते आधी शोधा. विकणाराच देतो. पोराने आपलाच पेपर तपासून मार्क घ्यावेत तसं.

---

जुना पाना

नीलपक्षी, आधी एक काम करा. तो अर्ज पक्का करू नका. कारण बदलता येत नसेल तर अर्ज रद्द करा, पण १४ दिवस संपायच्या आत नवीन भरायचा आहे हे लक्षात ठेवा. का ते पुढे सांगतो.

मी सहा वर्षं एका रिफर्बिशिंग केंद्रात होतो, त्यातली दोन ग्रेडिंगच्या टेबलावर. तिथे काय चालतं ते सांगतो, म्हणजे विक्रेत्याचं उत्तर निम्मं खरं का आहे ते कळेल.

माल आमच्याकडे दोन टेबलांवरून जायचा. पहिल्यावर चाचणी व्हायची. पोर्ट, कीबोर्ड, कॅमेरा, स्पीकर, डिस्क, बॅटरी. इथे निकाल फक्त पास किंवा नापास. नापास झालेला भाग बदलायचा किंवा यंत्र सुट्ट्या भागांसाठी बाजूला काढायचं. पास झालेलं यंत्र दुसऱ्या टेबलावर माझ्याकडे यायचं, आणि अक्षर तिथे पडायचं. मी लॅपटॉप चालतो कसा हे बघतच नव्हतो. वर पांढरा दिवा, यंत्र हातभर अंतरावर, झाकण, तळ, कीबोर्डची बाजू आणि पडदा, प्रत्येकासाठी काही सेकंद. हातभरावरून काहीच दिसलं नाही तर ए. बारीक ओरखडे दिसले पण नख फिरवल्यावर अडकलं नाही तर बी. नख अडकलं, कोपरा दबलेला असला, रंग उडालेला असला तर सी. चार बाजूंपैकी सगळ्यात वाईट जी, तिचं अक्षर सगळ्या यंत्राला. पडदा बंद असताना एकदा आणि पूर्ण पांढरा करून एकदा बघायचो, कारण झाकण मिटल्यावर कळांचे ठसे काचेवर उमटतात आणि ते बंद पडद्यावरच दिसतात.

आमच्याकडे बॅटरी पास व्हायची रेषा ७५ होती. पलीकडच्या गल्लीतल्या केंद्रात ६० होती. तिथे ६१ टक्के बॅटरीचा लॅपटॉप चकचकीत असला तर ए ग्रेडच व्हायचा. फसवणूक म्हणायची तर म्हणा, पण त्यांच्या दृष्टीने अक्षर आणि बॅटरी हे दोन वेगळे रकाने होते.

म्हणून ‘ए ग्रेडचा अर्थ काय’ यापेक्षा ‘या विक्रेत्याने ए ग्रेडची व्याख्या कुठे लिहिली आहे’ हा प्रश्न धरा. सहजच म्हणतात तो ८० टक्क्यांचा आकडा हवेतला नाही. काही मोठी संकेतस्थळं स्वतःच्या धोरणात तो लिहितात. ॲमेझॉन रिन्यूड आणि बॅक मार्केट या दोघांकडे किमान ८० टक्के असा उल्लेख असतो. पण तो त्या त्या दुकानाचा शब्द आहे, सगळ्या बाजाराचा कायदा नाही. तुमच्या संकेतस्थळाचं ‘श्रेणी म्हणजे काय’ असं एखादं मदतपान असेल. मालाच्या पानावर नाही, बहुतेक तळाशी बारीक दुव्यात. ते शोधा आणि आजच त्याचा स्क्रीनशॉट काढा.

आता अर्जाबद्दल. ‘परत’ या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी असतात आणि दुकानदार त्या मुद्दाम एकत्र ठेवतात. पहिली, मन बदललं म्हणून परत. तिथे दुकानाच्या अटी चालतात, फी कापतील, कुरियर तुमच्या माथी मारतील, खोका-चार्जर सगळं मागतील. दुसरी, माल सांगितल्यासारखा नाही किंवा सदोष आहे म्हणून परत. तिथे फी कापायला सहसा जागा नसते आणि नेण्याचा खर्च विकणाऱ्याचा. तिसरी, वॉरंटी. तिथे पैसे परत नाहीत, दुरुस्ती किंवा बदली, तीही त्यांच्या सवडीने. तुम्ही ‘आता गरज नाही’ निवडलंत म्हणजे स्वतःहून पहिल्या खिडकीत जाऊन उभ्या राहिलात. एकदा लेखी तसं दिलं की नंतर ‘नाही हो, सदोष होता’ म्हणणं अवघड जातं.

---

मुक्ता_परदेशी

मी युरोपात राहते, इथे हा प्रश्नच येत नाही. ऑनलाइन दुकानातून घेतलेलं जवळपास काहीही १४ दिवसांत कारण न देता परत करता येतं. रिफर्बिश्ड असो की नवं. कायदाच आहे तसा. कारणाच्या यादीत काय निवडलं याने काही फरक पडू नये.

---

जुना पाना

मुक्ताताई, बरोबर आहे, पण दोन पुस्त्या जोडतो. तो हक्क दुरून केलेल्या खरेदीचा आहे. दुकानात जाऊन हाताळून घेतलेला ओपन बॉक्स त्यात येत नाही, तिथे दुकानाची जी मर्जी. आणि १४ दिवसांत तुम्ही वस्तू दुकानात जशी तपासून पाहिली असती तेवढीच वापरायची असते. त्याहून जास्त वापरून किंमत उतरवली तर तेवढी रक्कम कापायची मुभा विक्रेत्याला आहे. लोक पंधरवडाभर लॅपटॉपवर काम करून, स्टिकर चिकटवून परत पाठवतात आणि मग कपात झाली की चिडतात.

तुमच्याकडचा खरा भक्कम हक्क त्यापुढचा आहे. विक्रेता व्यावसायिक असेल तर मालातल्या दोषाची जबाबदारी नव्यासाठी दोन वर्षं त्याच्यावर असते. वापरलेल्या मालाला काही देशांत ती दोघांच्या संमतीने कमी करता येते, पण एका वर्षाच्या खाली नाही. रिफर्बिश्डही वापरलेल्यातच धरतात.

भारतात उलट. मन बदललं म्हणून परत घ्याच, असं कायदा म्हणत नाही. मात्र २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार माल सदोष असला किंवा जाहिरातीत सांगितलेल्या गुणांचा नसला तर विक्रेत्याला परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देता येत नाही. म्हणजे तिथे तर कोणती खिडकी निवडली यावरच सगळं.

---

मुक्ता_परदेशी

वापराची अट माहीत नव्हती. मागच्या वर्षी माझ्या एका हेडफोनचे थोडे पैसे कापले होते, तेव्हा मीच त्यांना लबाड म्हणाले होते. असो.

---

आजोबा_सध्या_रिकामे

चांगला विषय. माझाही हाच प्रश्न आहे. मी रिफर्बिश्ड आयफोन घेतला आहे, त्याची बॅटरी १०० टक्के दाखवते. तरी संध्याकाळी फोन मान टाकतो. मुलगा म्हणतो १०० आहे म्हणजे तक्रार करता येणार नाही. `Settings` मध्ये कुठेतरी `Unknown Part` असंही येतं. हे काय आहे? परत करावा का?

---

रोखठोक

आजोबा, तुमचा प्रश्न हाच नाही, बरोब्बर उलटा आहे. त्यांची कमी दाखवते म्हणून रडगाणं, तुमची जास्त दाखवते म्हणून.

---

जुना पाना

उलटा असला तरी गंमतीचा आहे. आजोबा, `Settings > General > About` मध्ये खाली `Parts and Service History` दिसतं, तिथेच पाहिलं असेल तुम्ही. `Battery` समोर `Unknown Part` असेल तर बॅटरी बदललेली आहे आणि ती ॲपलची अस्सल आहे याची खातरजमा फोनला करता आली नाही. अशा बॅटरीचा आरोग्याचा टक्का कितपत खरा मानायचा हे फोनलाही सांगता येत नाही. ८६ टक्क्यांची मूळ बॅटरी शंभर दाखवणाऱ्या अनोळखी बॅटरीपेक्षा जास्त वेळ चालते, हे टेबलावर कितीदा पाहिलंय.

आता परतीचं. विक्रेत्याने पानावर ‘अस्सल भाग’ किंवा ‘निर्मात्याकडून रिफर्बिश्ड’ लिहिलं असेल तर तो एक स्क्रीनशॉट पुरे, माल सांगितल्यासारखा नाही. नुसतं ‘तपासलेला, पूर्ण चालू’ लिहिलं असेल तर दुसरी बॅटरी टाकणं म्हणजे फसवणूक म्हणता येत नाही, पण संध्याकाळी बंद पडतो हा चालण्याचा दोष आहे. तो धरा. दोन दिवस सकाळी किती, दुपारी किती, ते लिहून ठेवा.

त्याच `About` मध्ये `Model Number` समोर पहिलं अक्षर कोणतं आहे ते बघून सांगा.

---

सहजच

पण ओपन बॉक्सचं मी म्हणालो ते तरी बरोबर ना?

---

जुना पाना

अर्धं. ओपन बॉक्स म्हणजे कोणीतरी घेतलेला, परत केलेला, आणि दुकानाने वरवर बघून पुन्हा मांडलेला माल. बहुतेक वेळा दुरुस्ती झालेली नसते, म्हणून तो रिफर्बिश्डपेक्षा ताजा असतो, इथपर्यंत तुमचं खरं. पण त्याला उघडून तपासलेलंही नसतं. रिफर्बिश्ड यंत्राची डिस्क कोणीतरी चाचणीवर चालवलेली असते. ओपन बॉक्समध्ये ‘सुरू झाला, चित्र दिसलं’ एवढ्यावर शिक्का पडू शकतो. परत करणाऱ्याने कशासाठी परत केला हे लेबलवर कुठेच नसतं. कधीमधी बंद पडतो म्हणून परत आलेला लॅपटॉप दुकानाच्या दहा मिनिटांत बंद पडतोच असं नाही.

ओपन बॉक्सलाही पायऱ्या असतात. ‘उत्तम’ म्हणजे साधारण सोबतच्या सगळ्या वस्तू आणि नव्यासारखी स्थिती, त्याखाली सोबतचं काहीतरी कमी, आणि सगळ्यात खालच्या पायरीवर दिसणारी इजा, कधी चार्जरही नाही. ते तुमचं ‘फक्त खोका उघडलेला’ हे वरच्या पायरीचं वर्णन झालं.

आणि वॉरंटी. कंपनीची वॉरंटी बऱ्याचदा पहिल्या विक्रीपासून किंवा पहिल्यांदा सुरू केल्यापासून धावायला लागते. तुमच्या हातात उरलेली येते. अनुक्रमांक कंपनीच्या वॉरंटीच्या पानावर टाकून बघा.

---

सहजच

तपासलं. चार महिने आधीच सुरू झाली आहे. म्हणजे वर्ष म्हणून आठ महिनेच मिळाले. दुकानदाराने बिलावर ‘१ वर्ष निर्माता वॉरंटी’ छापलंय.

माझं बिल दाखवून कंपनीकडून तारीख बदलून घेता येईल का?

---

शंकेखोर

मी एकदा घेतली होती, मॉनिटरची. बिल पाठवलं, त्यांनी तारीख बदलली.

---

रोखठोक

मी एकदा पाठवलं, त्यांनी ‘आमच्या नोंदीत पहिली विक्री अमुक तारखेची’ म्हणून हात झटकले. एकाच निर्मात्याची दोन कार्यालयं दोन तऱ्हा करतात.

---

जुना पाना

कंपनी काय करील ते खात्रीने नाही सांगता येत. पण बिलावर वर्ष छापलंय ना, मग उरलेल्या चार महिन्यांसाठी दुकानदाराला धरता येईल. त्याने दिलेला शब्द आहे. त्याच्याकडून आत्ताच, काही बिघडायच्या आधी, एका ओळीचं पत्र घ्या की नवव्या महिन्यापासून बाराव्यापर्यंत दुरुस्ती तो बघेल. बिघडल्यावर मागितलंत तर मिळणार नाही.

---

नीलपक्षी

अर्ज रद्द केला. आणि ते मदतपान सापडलं! मालाच्या पानावर नाही, ‘स्थितीच्या श्रेणी’ असा एक दुवा तळाशी होता. त्यात ए ग्रेडखाली लिहिलंय, “हातभर अंतरावरून खुणा दिसत नाहीत. पूर्ण कार्यक्षम. बॅटरी मूळ क्षमतेच्या किमान ८० टक्के.” विक्रेत्याने मात्र त्याची स्वतःची पीडीएफ पाठवली आहे, तिच्यात ७० आहे. ती पीडीएफ खरेदीच्या आधी मी कधीच पाहिली नव्हती.

आज नववा दिवस. भाऊ म्हणतो अहवालातला आकडा चुकू शकतो, बॅटरी पूर्ण उतरवून पुन्हा भर. खरं आहे का?

---

जुना पाना

हो, भाऊ जाणता आहे. अहवालातली पूर्ण क्षमता ही बॅटरीतल्या चिपचा अंदाज असतो. यंत्र महिनोन्‌महिने गोदामात किंवा चार्जरवर पडून असेल तर अंदाज सरकतो. एकदा १०० पर्यंत भरा, तासभर तसंच ठेवा, मग आपोआप बंद होईपर्यंत वापरा, काही तास थांबा, पुन्हा न थांबता १०० पर्यंत. मग अहवाल काढा. आकडा दोन-चार टक्के हलतो, सहसा त्याहून जास्त नाही. ७१ चा ८५ होणार नाही. पण तुम्ही हे करून ठेवलंत की विक्रेत्याला ‘बॅटरी कॅलिब्रेट करून बघा’ म्हणत चार दिवस खायला मिळत नाहीत.

एक शंका मनात ठेवा. `CYCLE COUNT` ४१२ आहे म्हणजे आकडे एकमेकांना धरून आहेत, हे ७१ टक्क्यांना शोभतं. तिथे शून्य किंवा नुसती आडवी रेघ असती तर मी वेगळं बोललो असतो. काही यंत्रं ती मोजणी कळवतच नाहीत, आणि बदली बॅटऱ्याही कधी कळवत नाहीत.

आणखी एक, तुम्ही विचारलं नाही तरी. विंडोज एकदा मुळापासून रीसेट करून इंटरनेटला जोडून बघा. सुरुवातीच्या पडद्यावर कुठल्याशा कंपनीचं नाव आलं आणि तिथल्या कर्मचाऱ्याचा पासवर्ड मागितला, तर ते यंत्र अजून जुन्या मालकाच्या नोंदीत आहे. मी पाहिलेला सगळ्यात देखणा ए ग्रेड असाच होता. आरशासारखा. विकला गेल्यावर दोन महिन्यांनी गिऱ्हाइकाने रीसेट केला आणि यंत्र वीट झालं. परतीची मुदत कधीच संपली होती. ही तपासणी पहिल्या दिवशी करायची असते, पण नवव्या दिवशीही चालेल. तुमच्या फायली आधी बाजूला काढा.

---

शंकेखोर

नीलपक्षी, दोन कागद आहेत, एक ८० म्हणतो, एक ७०. विक्रेत्याने तुमच्याशी करार केलाय, संकेतस्थळाने नाही. मग विक्रेत्याचा कागद वरचढ नाही का? मी विक्रेत्याची बाजू घेत नाही, पण तो हेच म्हणेल.

---

रोखठोक

खरेदीआधी दाखवला नाही तो कागद कसला वरचढ. लग्न लागल्यावर याद्या करतात का?

---

जुना पाना

शंकेखोरांचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. काही संकेतस्थळं स्पष्ट लिहितात की विक्रेत्याच्या अटी लागू. पण विक्रेत्याने ‘ए ग्रेड’ हा शब्द या संकेतस्थळाच्या यादीतून निवडून टाकलाय, तेव्हा त्या शब्दाची तिथली व्याख्या त्याने मान्य केली असं म्हणायला भरपूर जागा आहे. मी तक्रार विक्रेत्याकडे नाही, संकेतस्थळाच्या वादनिवारणाकडे नेली असती. ते स्वतःचंच मदतपान खोटं ठरवणार नाहीत. निदान सहजासहजी नाही.

---

नीलपक्षी

अकरावा दिवस.

पूर्ण उतरवून भरलं. आता 41,440 दाखवतो. म्हणजे ७४ टक्के. रीसेटही केला, कुठलं नाव आलं नाही, सुटले.

नवीन अर्ज ‘वर्णनाप्रमाणे नाही’ या कारणाने भरला. दोन्ही अहवाल, मदतपानाचा स्क्रीनशॉट आणि मूळ मालाच्या पानाचा फोटो जोडला. तासाभरात विक्रेत्याचा सूर बदलला. म्हणतो, “आमच्याकडे पाठवा, नवी बॅटरी मोफत बसवून देतो, अर्ज मागे घ्या.” मोह होतोय, कारण लॅपटॉप बाकी छान आहे.

---

जुना पाना

बॅटरी घ्यायला हरकत नाही, अर्ज मागे घ्यायला आहे. अर्ज मागे घेतला, यंत्र त्याच्याकडे दहा दिवस पडलं, की १४ दिवस संपले. मग बॅटरी कशीही आली तरी तुमच्याकडे फक्त तिसरी खिडकी उरते.

संकेतस्थळाच्या संदेशपेटीतूनच विचारा, फोनवर नाही. बॅटरी मूळ निर्मात्याची की दुसऱ्या कुणाची? आणि यंत्र परत मिळाल्या दिवसापासून परतीचे १४ दिवस पुन्हा मोजणार का? दोन्हीला लेखी हो आलं तर मी स्वतः घेतलं असतं. नवी बॅटरी असलेला चकचकीत लॅपटॉप वाईट सौदा नाही.

पाठवण्याआधी तळावरच्या अनुक्रमांकाचा, चारही बाजूंचा आणि खोक्यात ठेवल्याचा फोटो काढा. स्वतःच्या खात्यातून बाहेर पडा आणि यंत्रावरून ते काढून टाका. खात्याला बांधलेलं यंत्र ‘लॉक आहे’ म्हणून परत येतं आणि त्या फेरीत आठवडा जातो.

---

नीलपक्षी

पहिल्या प्रश्नाला “कंपॅटिबल बॅटरी” असं उत्तर आलं. दुसऱ्याला उत्तरच नाही. म्हणून अर्ज तसाच ठेवला.

---

नीलपक्षी

शेवटची खबर. संकेतस्थळाने अर्ज मान्य केला. कुरियर घेऊन गेला, पैसे आले. १५ टक्के कापले नाहीत, नेण्याचा खर्चही घेतला नाही. मात्र पहिल्यांदा मागवताना दिलेला घरपोच खर्च त्यांनी परत केलेला नाही. त्यासाठी भांडावं का?

---

मुक्ता_परदेशी

आमच्याकडे साध्या डिलिव्हरीचा खर्चही परत द्यावा लागतो. लवकर पोचवण्याचा जादा खर्च मात्र नाही. तुमच्याकडे कसं ते तुमच्या अटीत बघा.

---

शंकेखोर

मी असतो तर भांडलो असतो. माल सांगितल्यासारखा नव्हता, मग डिलिव्हरी तरी कशाची दिली?

---

नीलपक्षी

एक संदेश पाठवलाय, बघू. पुढच्या वेळी बी ग्रेड बघावा म्हणते, झाकणावर ओरखडे असले तर असोत.

---

जुना पाना

बी ग्रेड घेताना विक्रेत्याला आधीच बॅटरी अहवालाचा फोटो मागा. अनुक्रमांक आणि अहवाल एकाच फोटोत हवा, नाहीतर भलत्याच यंत्राचा पाठवतात. आणि ओरखडे पडद्यावर नाहीत हे विचारून घ्या. झाकणावरच्या ओरखड्याची आठवड्यात सवय होते, काचेवरच्याची होत नाही.

---

आजोबा_सध्या_रिकामे

तुम्ही सांगितलंत ते अक्षर पाहायला नातवाची सुट्टी लागली. `Model Number` समोर पहिलं अक्षर M आहे. याचा अर्थ फोन नवा आहे असं समजू का?

---

जुना पाना

नाही आजोबा. M म्हणजे तो पहिल्यांदा दुकानात नवा म्हणून विकला गेला होता. ॲपलने स्वतः रिफर्बिश केला असता तर F असतं, आणि वॉरंटीत बदलून दिलेला असता तर N. म्हणजे तुमच्या फोनवरचं रिफर्बिशिंग ॲपलचं नाही, मधल्या कुणाचं तरी आहे. अनोळखी बॅटरी तिथेच बसली असणार. पानावर काय लिहिलं होतं ते बघा आधी. ‘कंपनी रिफर्बिश्ड’ असं असेल तर मुदत कधी संपते ते सांगा.

---

आजोबा_सध्या_रिकामे

पानावर ‘कंपनी रिफर्बिश्ड’च आहे. पण कुठली कंपनी ते लिहिलेलं नाही. मुदत परवा संपते.

---

रोखठोक

आजोबा, नातू सुट्टीवर असेतो अर्ज भरा. कारण ‘वर्णनाप्रमाणे नाही’. पहिलं नाही निवडायचं.